प्रोजेक्ट गाईडकडे शिफारसपत्र मागताना: पहिला ईमेल, दुसरा ईमेल आणि त्यानंतरचे काम

प्रश्न: मी २०२३ मध्ये मेकॅनिकलची बी.ई. पूर्ण केली आणि तेव्हापासून चाकणला नोकरी करते आहे. यंदा अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांत एमएससाठी अर्ज करणार आहे. पहिली मुदत १५ डिसेंबरची आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे गाईड असलेल्या सरांकडे शिफारसपत्र मागायचे आहे, पण पास झाल्यापासून त्यांच्याशी एकदाही बोलणे झालेले नाही. ईमेल कसा लिहू? त्यांना मी आठवत असेन का? नुसता सीव्ही जोडून विनंती केली तर चालेल का?

उत्तर:

नुसता सीव्ही जोडून केलेल्या विनंतीला बहुतेक शिक्षक होकार देतात. खरी अडचण त्यानंतर, सर पत्र लिहायला बसतात तेव्हा येते. सीव्हीमध्ये तुम्ही काय मिळवले ते असते. शिफारसपत्राला किंमत येते ती लिहिणाऱ्याने स्वतः काय पाहिले यामुळे. दरवर्षी साठ-सत्तर विद्यार्थ्यांचा वर्ग आणि चार-पाच प्रोजेक्ट गट हाताखालून जातात, तेव्हा शिक्षकाला चेहरा आणि नाव आठवते, फार तर प्रोजेक्टचा विषय आठवतो, पण त्या चौघांतल्या कोणी नेमके काय केले होते हे आठवत नाही. मग प्रामाणिकपणे जेवढे लिहिता येते तेवढेच तो लिहितो: विद्यार्थिनी नियमित होती, कष्टाळू होती, वर्तणूक चांगली होती. हे चारित्र्याच्या दाखल्याचे शब्द झाले. प्रवेश समितीत बसलेला प्राध्यापक ते वाचून एवढाच अर्थ काढतो की या शिक्षकाची या मुलीशी जवळून ओळख नाही.

मी बावीस वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो आहे आणि असे पत्र माझ्याही हातून गेलेले आहे. एका विद्यार्थिनीने सीव्ही आणि गुणपत्रिका पाठवली होती, मी पत्र लिहिले आणि वेळेत अपलोड केले. पुढे ती ट्रान्सक्रिप्ट घ्यायला महाविद्यालयात आली तेव्हा बोलता बोलता तिने प्रयोगशाळेतल्या एका संध्याकाळची आठवण काढली. त्या दिवशी तिने गटाचे सगळे निकाल स्वतःहून रद्द ठरवून चाचणी पुन्हा लावली होती, आणि मी तेव्हा तिथेच उभा होतो. पत्रात लिहावी अशी तीच गोष्ट होती आणि ती मला आठवली नव्हती. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की ईमेलचे पहिले काम शिक्षकाची आठवण जागी करणे हे आहे, आणि विनंतीचा मान त्यानंतरचा आहे.

सरांना प्रत्यक्षात काय करावे लागते हे आधी समजून घ्या, म्हणजे ईमेलमध्ये काय असावे हे आपोआप कळेल. तुम्ही प्रत्येक विद्यापीठाच्या अर्जात सरांचे नाव, पद आणि ईमेल पत्ता भरता. मग त्या विद्यापीठाकडून सरांना थेट एक लिंक जाते. ती उघडली की आधी प्रश्न येतात: या अर्जदाराला किती काळापासून ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी एक तक्ता असतो, ज्यात विश्लेषणाची क्षमता, लेखन, स्वतंत्र विचार अशा गुणांसाठी तुम्हाला बरोबरीच्या विद्यार्थ्यांमध्ये वरच्या ५ टक्क्यांत, १० टक्क्यांत की २५ टक्क्यांत ठेवायचे ते विचारलेले असते. शेवटी लेटरहेडवरचे सहीचे पत्र पीडीएफ करून जोडायचे असते. सहा विद्यापीठे म्हणजे हा फॉर्म सहा वेळा भरणे आले. तेव्हा सरांना तुमच्याबरोबरच्या संबंधाच्या तारखा हव्यात, तुलनेला आधार हवा, एखाददुसरा डोळ्यांसमोर घडलेला प्रसंग हवा आणि काम किती आहे याची आधीच कल्पना हवी.

हे सगळे एकाच ईमेलमध्ये कोंबू नका. पहिला ईमेल फक्त विचारण्यासाठी असावा, मोबाईलवर एका नजरेत वाचून होईल इतका. बाकीची सामग्री होकार आल्यावर दुसऱ्या ईमेलने द्यावी. तुमचा प्रोजेक्ट कोणता होता हे मला माहीत नाही, म्हणून नमुन्यासाठी आमच्या विभागातल्या एका गटाचे काम घेतो. त्यांनी बेदाण्यासाठी सौर वाळवणी यंत्र केले होते. सरांशी तुम्ही ज्या भाषेत बोलत होता त्याच भाषेत लिहा. इंग्रजीत लिहिलात तरी क्रम हाच ठेवा.

विषय: एमएस अर्जासाठी शिफारसपत्राची विनंती – बी.ई. मेकॅनिकल २०२३, सौर वाळवणी यंत्र प्रोजेक्ट

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

मी आपली २०२३ च्या तुकडीची विद्यार्थिनी. तिसऱ्या वर्षी आपण आम्हाला हीट ट्रान्सफर शिकवले आणि शेवटच्या वर्षी बेदाण्याच्या सौर वाळवणी यंत्राच्या आमच्या चौघांच्या प्रोजेक्टचे आपण गाईड होता. त्या प्रोजेक्टमध्ये तापमानाची मोजणी माझ्याकडे होती. दुपारी आतल्या हवेचे तापमान हिशेबापेक्षा बरेच जास्त दिसत होते. थर्मोकपलवर थेट ऊन पडत असल्याचे लक्षात आल्यावर मी त्याला ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा केला आणि आपल्या परवानगीने तीन दिवसांची निरीक्षणे पुन्हा घेतली होती.

सध्या मी चाकण येथील एका कारखान्यात इंजिन कूलिंगच्या चाचण्यांचे काम करते. पुढील वर्षीच्या ऑगस्टपासून थर्मल विषयात एमएस करण्यासाठी अमेरिकेतील सहा विद्यापीठांत अर्ज करीत आहे.

माझे प्रयोगाचे काम आपण जवळून पाहिले आहे. त्याविषयी आपण सविस्तर आणि अनुकूल लिहू शकाल असे आपल्याला वाटत असेल, तर मला शिफारसपत्र द्यावे अशी विनंती आहे. पहिली मुदत १५ डिसेंबरची आणि शेवटची १५ जानेवारीची आहे. पत्राचा मजकूर सहाही ठिकाणी एकच चालेल. ऑनलाइन फॉर्म मात्र प्रत्येक विद्यापीठाचा वेगळा आहे.

कामाच्या व्यापामुळे किंवा अन्य कारणाने शक्य नसेल, तर कृपया निःसंकोच कळवावे. आपला होकार आल्यास गुणपत्रिका, सीव्ही, प्रोजेक्ट अहवाल आणि माझ्या कामाचे एक पानी टिपण पाठवीन. आपल्याला सोयीचे असेल त्या दिवशी महाविद्यालयात येऊन भेटेनही.

आपली विद्यार्थिनी,
(पूर्ण नाव, हजेरी क्रमांक, मोबाईल क्रमांक)

या मसुद्यातल्या तीन जागांवर थोडे थांबतो. पहिली जागा थर्मोकपलची. «सर, आपल्या मार्गदर्शनाखाली मी खूप काही शिकले» या वाक्याने शिक्षकाला बरे वाटते, पण त्याच्यासमोर काहीही उभे राहत नाही. थर्मोकपलवर ऊन पडले म्हणजे ते हवेचे तापमान न दाखवता स्वतःच तापून जास्त आकडा दाखवते, हे हीट ट्रान्सफर शिकवणाऱ्याला लगेच कळते आणि त्याबरोबर गच्चीवरचे ते यंत्र, ती दुपार आणि ती विद्यार्थिनी हे सगळे परत येते. पत्रात त्यातून काय लिहिता येते हेही पाहा: आकडा सोयीचा असूनही तिने त्याच्यावर शंका घेतली, कारण शोधले, ते दूर केले आणि मोजणी पुन्हा केली. संशोधनाकडे जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यात समिती नेमके हेच शोधत असते. तुमच्या प्रोजेक्टमधला असा प्रसंग यशाचाच असला पाहिजे असे नाही. चुकलेली मोजणी, फसलेला जोड, बदलावा लागलेला आराखडा यांपैकी काहीही चालेल. अट एवढीच की सरांनी ते स्वतः पाहिलेले असावे. नोकरीतले यश इथे सांगत बसू नका, त्यासाठी कारखान्यातल्या वरिष्ठांचे पत्र आहे.

दुसरी जागा «सविस्तर आणि अनुकूल» या शब्दांची. हे शब्द लिहिताना विद्यार्थ्यांना संकोच वाटतो, पण ते शिक्षकाला सन्मानाने नकार देण्याची वाट मोकळी करतात. आपल्याकडे शिक्षक विद्यार्थ्याला तोंडावर नाही म्हणत नाहीत. «बघू», «पाठवून ठेव», «माझ्यापेक्षा एचओडींचे पत्र घे ना, त्याला वजन असते» असे म्हणतात. या उत्तरांना नकार समजा आणि आभार मानून दुसऱ्या शिक्षकाकडे जा. अनिच्छेने दिलेले पत्र दोन परिच्छेदांत आटोपलेले असते आणि तक्त्यात मधल्या रकान्यात खुणा होतात. विभागप्रमुखांनी तुम्हाला कधी शिकवलेच नसेल, तर त्यांच्या पदाचा वाचणाऱ्यावर काहीही परिणाम होत नाही, कारण «कोणत्या नात्याने ओळखता» या प्रश्नालाच त्यांचे उत्तर कमकुवत पडते.

तिसरी जागा मुदतीची. १५ डिसेंबर लांब वाटतो, पण महाविद्यालयाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. गणपती, मग सत्रातली सबमिशन, दिवाळीची सुट्टी, त्याच्या आगेमागे ओरल-प्रॅक्टिकल, नंतर लेखी परीक्षा आणि पेपर तपासणी. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि डिसेंबर हा शिक्षकाचा सर्वांत गर्दीचा काळ असतो आणि तुमच्यासारख्या इतरांच्याही लिंका त्याच वेळी येतात. म्हणून पहिला ईमेल सप्टेंबरमध्ये जावा आणि सामग्री ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात सरांच्या हाती असावी. मुदतीबद्दल आणखी एक गोष्ट: अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रात्री ११:५९ ची मुदत म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९ वाजलेले असतात. हा हिशेब सरांना सांगू नका. त्यांना मूळ तारखेच्या आठवडाभर आधीची तारीख द्या, आणि ती आधीची आहे हेही मोकळेपणाने सांगा.

होकार आल्यानंतर त्याच संभाषणात दुसरा ईमेल पाठवा. गुणपत्रिका, सीव्ही, प्रोजेक्ट अहवाल आणि विद्यापीठांची नावे, अभ्यासक्रम व मुदती असलेला एक तक्ता जोडा. तक्ता मुदतीच्या क्रमाने लावा. खरे महत्त्व एक पानी टिपणाला आहे. त्यात सरांच्या विषयात तुम्हाला किती गुण होते आणि वर्ग किती जणांचा होता हे द्या, म्हणजे तक्ता भरताना त्यांना त्यांच्याकडच्या नोंदींशी ताडून पाहता येईल. तुमचा क्रमांक कितवा लागावा हे मात्र तुम्ही सुचवू नका. मग दोन किंवा तीन प्रसंग चार-चार ओळींत लिहा: काय अडचण आली, तुम्ही काय केले, परिणाम काय झाला. विशेषणे अजिबात नकोत. «मी जिद्दीने काम केले» हे तुम्ही लिहिलेत तर सरांना त्याचे काही करता येत नाही. «तीन दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच दर अर्ध्या तासाने निरीक्षणे घेतली» हे लिहिलेत तर जिद्द हा शब्द ते स्वतःच लिहितील.

गटातल्या कामाची वाटणी या टिपणात स्पष्ट असली पाहिजे. चौघांपैकी यंत्राची जोडणी कोणी केली, हिशेब कोणी मांडला, मोजणी कोणाकडे होती आणि अहवाल कोणी लिहिला हे नावानिशी सांगा, आणि तुमचे नसलेले काम इतरांच्या नावावर मोकळेपणाने लिहा. कारण पुष्कळदा एकाच गटातले दोघे एकाच गाईडकडे येतात आणि कधी कधी एकाच विद्यापीठाला अर्ज करतात. दोघांच्या टिपणात «संपूर्ण रचना माझी» असे असले की शिक्षक दोघांच्याही दाव्यांवर विसंबणे सोडतो आणि पुन्हा सर्वसाधारण शब्दांकडे वळतो. उलट ज्या टिपणात «ब्लोअरची निवड माझी नव्हती, ती गटमित्राने केली» असे वाक्य दिसते, त्यातली बाकीची वाक्ये मी निःशंकपणे वापरतो.

एखादा विषय राहिला असेल तर तोही लपवू नका. दुसऱ्या वर्षी एम-थ्री राहणे आपल्याकडे फार दुर्मिळ नाही, पण परक्या देशातल्या वाचणाऱ्याला गणितातली ती एक खूण मोठी दिसू शकते. सरांनी तुम्हाला त्यानंतरच्या वर्षी हीट ट्रान्सफर शिकवले आहे, आणि त्या विषयात समीकरणे सोडवताना तुम्ही कशा होता हे त्यांनी पाहिले आहे. त्यांना योग्य वाटले तर ते एका वाक्यात हे सांगू शकतात, आणि तुमच्या स्वतःच्या स्पष्टीकरणापेक्षा त्याला अधिक वजन येते. त्यासाठी त्यांना ते आधी माहीत हवे.

सरांचा होकार येण्याआधी त्यांचा पत्ता अर्जात भरू नका. काही ठिकाणी पत्ता भरून जतन करताच लिंक सुटते, आणि न विचारता आलेली लिंक पाहून शिक्षक मनातून दुखावतो. कोणता ईमेल पत्ता द्यायचा हे त्यांनाच विचारा. विद्यापीठे महाविद्यालयाचा अधिकृत पत्ता पसंत करतात आणि खासगी पत्त्याकडे संशयाने पाहिले जाऊ शकते. पण आपल्याकडे कित्येक प्राध्यापक महिनोन्महिने अधिकृत पत्ता उघडत नाहीत. सर तो वापरत नसतील तर एवढ्या कामापुरता तो रोज पाहावा अशी विनंती करा. लिंक सोडली की त्याच दिवशी त्यांना कळवा की अमुक विद्यापीठाच्या नावाने ईमेल येईल आणि तो दिसला नाही तर स्पॅममध्ये पाहावे.

अर्जात आणखी एक प्रश्न येतो, जो विद्यार्थी न वाचता पुढे ढकलतात. अमेरिकेच्या १९७४ च्या एका कायद्याने, ज्याला फर्पा म्हणतात, विद्यार्थ्याला प्रवेश घेतल्यानंतर स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क मिळतो, आणि त्यात शिफारसपत्रही येऊ शकते. हा हक्क तुम्ही सोडता का असे अर्जात विचारले जाते. सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. तुम्ही काय निवडले हे पत्र लिहिणाऱ्याला फॉर्मवर दिसते, आणि जे पत्र विद्यार्थी पाहू शकतो त्यावर वाचणाऱ्याचा भरवसा कमी बसतो. हक्क सोडलात तर दुसऱ्या ईमेलमध्ये तसे एका वाक्यात लिहा, आणि नंतर पत्राची प्रत मागू नका.

आता सर्वांत अवघड जागा. होकाराबरोबर अनेकदा उत्तर येते: «हरकत नाही, तूच मसुदा करून आण, मी सही करतो.» यामागे आळस असतोच असे नाही, वीस विद्यार्थ्यांची पत्रे एका महिन्यात लिहिणे खरोखरच कठीण असते आणि ही पद्धत वर्षानुवर्षे रुळलेली आहे. तरीही ती स्वीकारू नका. पत्र शिक्षकाचे असते या विश्वासावर सगळी व्यवस्था उभी आहे आणि तुमचा अर्ज खरा असल्याचे तुम्ही सही करून सांगत असता. शिवाय तिन्ही पत्रे तुम्हीच लिहिलीत तर तिन्हींत तीच वाक्यरचना, तेच लाडके शब्द आणि तुमच्या उद्देशपत्रातलीच वळणे येतात. एकामागून एक वाचणाऱ्याला ते जाणवते. सरांना नाही म्हणणे मात्र अवघड असते, हे मला मान्य आहे. त्यासाठी असे उत्तर द्या: «सर, पत्र आपल्याच शब्दांत असावे अशी विद्यापीठांची अपेक्षा आहे, म्हणून मी मसुद्याऐवजी आपल्या उपयोगाचे सर्व मुद्दे एका पानावर मांडले आहेत. आपण वेळ दिलीत तर समोर बसून सांगते.» हातात चांगले टिपण आले की बहुतेक शिक्षक स्वतः लिहितात, कारण त्यांचे अर्धे काम झालेले असते. तरीही सरांनी मसुद्याचाच आग्रह धरला, तर ते तुमच्याबद्दल स्वतःहून लिहू शकत नाहीत असा अर्थ घ्या आणि दुसऱ्या शिक्षकांना विचारा.

पहिल्या ईमेलला दहा दिवसांत उत्तर आले नाही तर राग आहे असे समजू नका; त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण पाठवा. तरीही शांतता असेल तर विभागाच्या कार्यालयात फोन करून सर अजून तिथेच आहेत का ते विचारा. प्राध्यापक महाविद्यालये बदलतात, आणि जुना अधिकृत पत्ता बंद झालेला असला तरी तुम्हाला त्याचा पत्ता लागेलच असे नाही. सर दुसरीकडे गेले असतील तर पत्र नव्या महाविद्यालयाच्या लेटरहेडवर आणि नव्या पत्त्यावरून देण्यास काहीच अडचण नसते. मात्र त्यांनी तुम्हाला कोठे आणि केव्हा शिकवले हे पत्राच्या पहिल्या वाक्यात यावे, अन्यथा गुणपत्रिकेवर एक महाविद्यालय आणि लेटरहेडवर दुसरे पाहून वाचणारा गोंधळतो. हेही टिपणात वर लिहून ठेवा.

लिंका सोडल्यानंतर प्रत्येक अर्जात पत्र पोहोचल्याची नोंद दिसते. मुदतीच्या दोन आठवडे आधी आणि मग चार दिवस आधी आठवण करायला हरकत नाही, पण आठवण करताना कोणत्या विद्यापीठांचे पत्र पोहोचले आणि कोणत्या दोघांचे राहिले आहे ते नावे घेऊन लिहा. सहापैकी चार फॉर्म भरलेल्या माणसाला «सर, पत्राचे बघा ना» असा निरोप आला, तर उरलेले दोन कोणते हे शोधायला त्याला सगळे ईमेल पुन्हा चाळावे लागतात.